कव्हरवर थांबलेला वाचक पुढे न्यायचा असेल, तर दुसरी स्लाइड कशी लिहावी

इन्स्टाग्रामची कॅरोसेल, म्हणजे आडव्या सरकणाऱ्या अनेक स्लाइडची पोस्ट, करणारे बहुतेक लोक कव्हरवर, म्हणजे पहिल्या स्लाइडवर, भरपूर मेहनत घेतात. मथळा चार वेळा बदलतात, रंग बदलतात, फोटो बदलतात. दुसरी स्लाइड मात्र प्रस्तावना म्हणून पटकन भरली जाते, आणि पोस्ट गळते ती नेमकी तिथे. कव्हरवर थांबायला वाचकाला काहीच करावं लागत नाही, वर सरकणारा अंगठा क्षणभर थबकला की झालं. पहिला स्वाइपही बऱ्याचदा नुसत्या कुतूहलाने होतो. त्या कुतूहलाच्या बदल्यात काही हाती लागलं का, हे वाचक दुसऱ्या स्लाइडवर ठरवतो. नाही लागलं तर अंगठा सवयीने पुन्हा वर सरकतो. आडवा स्वाइप मुद्दाम करावा लागतो आणि उभा आपोआप होतो, हा फरक लिहिताना डोक्यात पक्का हवा.

दुसऱ्या स्लाइडवर आणखी एक जबाबदारी आहे, तिच्याकडे फार कमी जण लक्ष देतात. एखाद्याला कॅरोसेल दिसली पण त्याने स्वाइप केलं नाही, तर इन्स्टाग्राम अनेकदा तीच पोस्ट त्याला पुन्हा दाखवतं, आणि त्या वेळी थेट दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. हे इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनीच सांगितलेलं आहे. म्हणजे दुसरी स्लाइड वाचणारे लोक दोन प्रकारचे असतात. एक जण कव्हर वाचून, मनात प्रश्न घेऊन आलेला असतो. दुसऱ्याने कव्हर कधीतरी ओझरतं पाहिलेलं असतं, ते आता त्याच्या लक्षातही नसतं, आणि त्याच्यासाठी ही दुसरी स्लाइडच कव्हर असते. एकच मजकूर या दोघांनाही पुरला पाहिजे. या लेखातल्या जवळपास सगळ्या सूचना या एका गरजेतून येतात.

उदाहरण म्हणून सात स्लाइडची एक पोस्ट घेऊ. विषय सातबारा, वाचक गावाकडे जमीन घ्यायच्या विचारात असलेला. कव्हरवर असं लिहिलंय:

सातबाऱ्यावर नाव त्याचंच आहे. तरी जमीन विकायचा हक्क असेलच असं नाही.

कव्हर चांगलं आहे. दावा खरा आहे, धक्का देतो आणि खोटं आश्वासन देत नाही. आता पहिल्या खर्ड्यात दुसरी स्लाइड सहसा कशी येते ते पाहा:

> सातबारा म्हणजे काय? गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून सातबारा तयार होतो. सातमध्ये हक्क, बारामध्ये पिकांच्या नोंदी. प्रत्येक शेतकऱ्याला याची माहिती हवीच. चला तर मग, जाणून घेऊया!

यातली माहिती चुकीची नाही. शब्दही फक्त २९ आहेत, त्यामुळे लांबीलाही दोष देता येत नाही. चूक वेगळीच आहे. कव्हरने वाचकाला एका विशिष्ट शंकेत टाकलं आणि दुसऱ्या स्लाइडने त्याला शाळेच्या पहिल्या तासाला नेऊन बसवलं. जमीन घ्यायला निघालेल्या माणसाला सातबारा म्हणजे काय हे माहीत असतं. ‘नाव असूनही विकता कसं येत नाही?’ हा त्याचा प्रश्न होता, आणि त्याला कुणी हातच लावला नाही. उलट ‘चला तर मग’ या शब्दांनी कबूलच केलं की खरा मजकूर अजून सुरू व्हायचाय.

## पायरी १ : वाचकाच्या तोंडचा प्रश्न लिहून काढा

कव्हर पक्कं झालं की एका कागदावर किंवा नोट्समध्ये, ते वाचल्यावर वाचक मनात जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. ‘उत्सुकता निर्माण होईल’ असं लिहू नका, अक्षरशः वाक्य लिहा. आपल्या उदाहरणात तीन वाक्यं सहज सुचतात:

- असं कसं? नाव आहे म्हणजे मालक आहे ना?
- मी बघतोय त्या जमिनीचं असंच असेल का?
- मग सातबाऱ्यावर नक्की बघायचं काय?

यातला एकच प्रश्न दुसऱ्या स्लाइडसाठी निवडायचा. तिन्हींना उत्तर द्यायला गेलात की स्लाइड भरगच्च होते आणि एकाही प्रश्नाचं समाधान होत नाही. निवडताना एक कसोटी लावा: कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की वाचक लगेच काहीतरी करून पाहू शकतो? इथे तो तिसरा प्रश्न आहे. ‘बघायचं काय’ याचं उत्तर मिळालं तर वाचक मोबाइलमधला सातबारा उघडून पाहील, आणि ‘माझ्या जमिनीचं काय’ हा दुसरा प्रश्न त्यातच सुटेल. ‘असं कसं’ याचं उत्तर जमिनीच्या कायद्याच्या इतिहासात जातं, ते चौथ्या-पाचव्या स्लाइडसाठी ठेवा.

प्रश्न लिहिताच येत नसेल, तर अडचण कव्हरमध्ये आहे. ‘सातबाऱ्याबद्दल महत्त्वाची माहिती’ असं कव्हर वाचून कोणाच्याही मनात प्रश्न येत नाही. अशा कव्हरला चांगली दुसरी स्लाइड लिहिता येत नाही. आधी मागे जाऊन कव्हर दुरुस्त करा.

## पायरी २ : बाकीच्या स्लाइड आधी लिहा, मग एक वाक्य पुढे आणा

दुसरी स्लाइड सर्वांत शेवटी लिहा. तिसरीपासून शेवटपर्यंतचा मजकूर कच्चा का होईना, आधी तयार हवा. क्रमाने लिहिताना आपण विषयाच्या आत हळूहळू शिरतो. त्यामुळे सर्वांत नेमकं, सर्वांत वजनदार वाक्य चौथ्या-पाचव्या स्लाइडवर येतं आणि दुसरीवर फक्त घसा साफ करणं उरतं.

आपल्या खर्ड्यात तिसऱ्या स्लाइडवर भोगवटादार वर्ग १, चौथीवर वर्ग २, पाचवीवर इतर अधिकार, सहावीवर फेरफार आणि सातवीवर तपासणीची यादी होती. सगळं वाचून पाहिलं तर सर्वांत कामाचं वाक्य चौथीवर दडलेलं सापडतं: ‘भू-धारणा पद्धतीसमोर भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं असेल, तर सहसा सरकारी परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही.’ कव्हरच्या दाव्याचा पुरावा हाच. तो चौथ्या स्लाइडपर्यंत लपवून ठेवण्यात काहीही फायदा नाही, कारण बहुतेक वाचक तिथवर पोचतच नाहीत. तो दुसऱ्या स्लाइडवर आणायचा, आणि पाचवीवरचा ‘इतर अधिकार’ तिसरीवर घ्यायचा.

इथे एक भीती हमखास वाटते, की चांगलं सगळं आधीच सांगितलं तर लोक पुढे कशाला जातील? ही भीती उलटी आहे. ज्याला दुसऱ्या स्लाइडवर खरोखर काहीतरी मिळालं, त्याला पुढे आणखी मिळेल असा भरवसा वाटतो. ज्याला नुसतं आश्वासन मिळालं, त्याचा भरवसा कमी होतो. मर्यादा एकच आहे: उत्तराचा एक पूर्ण तुकडा द्या, अख्खं उत्तर देऊ नका. वर्ग २, इतर अधिकार आणि फेरफार तिन्ही दुसऱ्या स्लाइडवर कोंबले, तर वाचक तिथेच स्क्रीनशॉट घेऊन निघून जाईल.

## पायरी ३ : तीन भागांत लिहा

दुसऱ्या स्लाइडच्या मजकुराचे तीन भाग असतात. पहिला भाग वाचकाला विषयात उभं करतो, दुसरा भाग हातात काहीतरी देतो, तिसरा भाग एक दार उघडं ठेवतो. सगळे मिळून मराठीत ३० ते ३५ शब्द पुरतात. चाळिशी ओलांडली की मोबाइलवर ती स्लाइड वाचण्याआधीच जड दिसायला लागते. आपली स्लाइड अशी होते:

> सातबाऱ्यावर नावाआधी ही ओळ वाचा: भू-धारणा पद्धती
>
> तिथे ‘भोगवटादार वर्ग २’ असेल, तर सहसा सरकारी परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही.
>
> ‘वर्ग १’ असेल तरी इसार देऊ नका. उजवीकडचा एक रकाना बाकी आहे.

मोजले तर ३२ शब्द, म्हणजे आधीच्या खर्ड्यापेक्षा तीन जास्तच. फरक प्रत्येक भागाच्या कामात आहे, तो नीट पाहण्यासारखा आहे.

पहिल्या भागात ‘सातबाऱ्यावर’ हा शब्द पुन्हा आलाय. कव्हरवर तो होताच, तरी इथे तो लागतो, कारण दुसऱ्या प्रकारचा वाचक कव्हर न वाचता आलाय. पण कव्हरचं वाक्य पुन्हा सांगितलेलं नाही. एक शब्द उचलला आणि विचार एक पाऊल पुढे नेला. कव्हरची पुनरावृत्ती ही दुसऱ्या स्लाइडवरची फार मोठी चूक आहे. तेच वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत दिसलं की स्वाइप करून आलेल्याला फसवल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या भागात ‘भू-धारणा पद्धती’ आणि ‘भोगवटादार वर्ग २’ हे शब्द सातबाऱ्यावर जसे छापून येतात तसेच ठेवलेत. सोपं करायच्या नादात ‘जमिनीचा प्रकार’ असं लिहिलं असतं, तर वाचकाला स्वतःच्या सातबाऱ्यावर ती ओळ सापडली नसती. जिथे वाचकाने काहीतरी शोधायचंय, तिथे कागदावरचा शब्दच वापरावा, मग तो कितीही सरकारी वाटो.

त्याच भागातला ‘सहसा’ हा शब्द काढायचा मोह होतो, कारण तो काढला की वाक्य टोकदार होतं. काढू नका. कुळकायद्याने मिळालेल्या काही जमिनींना वेगळे नियम लागू होतात, त्यामुळे सरसकट विधान खोटं ठरतं. जाणकार वाचक कमेंटमध्ये ते लगेच दाखवून देतो, आणि मग पुढच्या सगळ्या स्लाइड संशयाने वाचल्या जातात. अपवाद समजावायला सहावी स्लाइड किंवा कॅप्शन आहे. दुसरीवर फक्त ‘सहसा’ पुरतं.

तिसरा भाग हा उघडा दरवाजा. इथे ‘पुढे वाचा’ किंवा ‘स्वाइप करा’ असं काही लिहिलेलं नाही, आणि लिहूही नये. स्वाइप कसं करायचं हे वाचकाला माहीत असतं, कशासाठी करायचं हे त्याला हवं असतं. चांगल्या तिसऱ्या भागात एक नेमकी गोष्ट अपुरी राहिलेली असते: ‘उजवीकडचा एक रकाना’. किती बाकी आहे (एक), कुठे आहे (उजवीकडे), न पाहिल्यास काय होईल (इसाराचे पैसे अडकतील), हे सगळं वाचकाला कळतं. फक्त तो रकाना कोणता हे कळत नाही. याउलट ‘पण खरी गंमत पुढेच आहे’ किंवा ‘तिसरा मुद्दा ऐकून धक्का बसेल’ या वाक्यांत काहीच ठोस नाही. अशी वाक्यं कोणत्याही पोस्टवर चिकटवता येतात, आणि वाचकाने ती शेकडो वेळा वाचलेली असतात.

या तिसऱ्या भागाची परतफेड तिसऱ्या स्लाइडच्या पहिल्या ओळीत झाली पाहिजे. तिथे लगेच लिहा: ‘तो रकाना म्हणजे इतर अधिकार. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, वादाची नोंद इथे सापडते.’ मध्येच स्वतःची ओळख किंवा फॉलो करण्याची विनंती घातली, तर दुसऱ्या स्लाइडने कमावलेला भरवसा तिथेच संपतो. ओळख आणि विनंती शेवटच्या स्लाइडवर शोभतात.

## पायरी ४ : कव्हर झाकून वाचा

आता दुसरी स्लाइड एकटीच समोर ठेवा आणि पोस्टबद्दल काहीच माहीत नसल्यासारखी वाचा. मराठीत लिहिताना इथे एक खास सापळा असतो. आपल्या भाषेत कर्ता गाळूनही वाक्य सुरळीत चालतं, आणि ‘ती’, ‘त्यात’, ‘तसं’, ‘म्हणूनच’ हे शब्द आपण सहज वापरतो. कव्हर डोळ्यासमोर असताना ‘म्हणूनच ती आधी तपासा’ हे वाक्य स्पष्ट वाटतं. कव्हर झाकलं की ‘ती’ म्हणजे काय आणि ‘म्हणूनच’ कशामुळे, काहीच कळत नाही.

म्हणून दुसऱ्या स्लाइडच्या पहिल्या वाक्यात सर्वनाम नको आणि मागच्या वाक्याला जोडणारा शब्दही नको. विषयाचं नाव त्या वाक्यात यायलाच हवं. त्याच स्लाइडवर पुढच्या वाक्यात ‘तिथे’ आलं तर हरकत नाही, कारण ते कशाबद्दल आहे हे वरच दिसतं.

संबोधनही याच वेळी तपासा. कव्हरवर ‘तुम्ही’ आणि दुसऱ्या स्लाइडवर ‘आज आपण पाहणार आहोत’ असं झालं की बोलणारा माणूस बदलल्यासारखा वाटतो. कव्हर रोखठोक आणि दुसरी स्लाइड सरकारी परिपत्रकाच्या भाषेत, हे तर नेहमी दिसतं. कव्हर ज्या सुरात लिहिलंय त्याच सुरात दुसरी स्लाइड हवी. ‘करणे आवश्यक आहे’ऐवजी ‘करा’.

## पायरी ५ : क्रियापद जवळ आणा

मराठी वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा शेवटच्या क्रियापदात पूर्ण होतो. पुस्तकात ते चालतं. स्लाइडवर मात्र २३ शब्दांचं वाक्य वाचताना वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही की जमीन विकता येते की येत नाही. तेवढ्यात नजर सटकते. उदाहरणार्थ:

> ज्या जमिनीच्या सातबाऱ्यावर भू-धारणा पद्धती या ओळीत भोगवटादार वर्ग २ अशी नोंद केलेली असते ती जमीन सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय विकता येत नाही.

हे वाक्य व्याकरणात बसतं, पण ‘ज्या’ आणि ‘ती’ यांच्यामध्ये इतकं अंतर आहे की मोबाइलवर ते दोनदा वाचावं लागतं. दुसऱ्या स्लाइडवर सहसा कुणी काही दोनदा वाचत नाही. यावर उपाय सोपा आहे: ‘जो–तो’, ‘ज्या–त्या’ची रचना मोडा, अट आधी छोट्या वाक्यात सांगा आणि परिणाम लगेच जोडा. एका वाक्यात १२–१३ शब्दांपेक्षा जास्त होऊ देऊ नका. वाक्य मोठ्याने वाचून पाहा. मध्ये श्वास घ्यावा लागला तर तिथेच तोडा.

## पायरी ६ : कॅनव्हासवर बसवा

उभ्या पोस्टसाठी १०८० बाय १३५० पिक्सेल हा आकार घ्या. पहिल्या स्लाइडचा आकार पुढच्या सगळ्यांना लागतो. त्यामुळे कव्हर चौकोनी आणि दुसरी उभी असा घोळ झाला, तर दुसरीचं वरचं-खालचं टोक कापलं जातं, आणि कापला जाणारा मजकूर नेमका तिसरा भाग असतो.

अक्षराचा आकार ठरवताना एक हिशेब करा. १०८० पिक्सेलची स्लाइड फोनवर साधारण एक तृतीयांश होऊन दिसते. म्हणजे कॅनव्हासवर ३० चं अक्षर फोनवर १० सारखं दिसतं, आणि देवनागरीत तेवढ्या आकाराला मात्रा आणि अनुस्वार ओळखू येत नाहीत. मथळ्याला ७२ ते ८०, मुख्य मजकुराला ४८ ते ५२ हे माप चालतं. ४० च्या खाली दुसऱ्या स्लाइडवर काहीच नको. बाजूला ८० ते १०० पिक्सेल जागा सोडली की एका ओळीत पाच ते सात शब्द बसतात, आणि वाचायला तेवढेच बरे. वर उजव्या कोपऱ्यात इन्स्टाग्राम स्लाइडचा आकडा दाखवतं, म्हणून तिथे मजकूर ठेवू नका.

ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, १.४ च्या खाली जाऊ नका. इंग्रजी टेम्पलेटमध्ये मराठी टाकली की अंतर कमी राहतं, मग वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आणि रफारावर आपटतात. वाचकाला नक्की काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण स्लाइड दाटीवाटीची वाटते आणि तो पुढे सरकतो. मुक्ता किंवा बालू २ सारखे ‘एक टाइप’ या संस्थेचे मोफत फॉन्ट स्लाइडवर सुटसुटीत दिसतात.

ओळी सॉफ्टवेअरवर सोडू नका, एंटर मारून स्वतः तोडा. ‘भोगवटादार’ एका ओळीत आणि ‘वर्ग २’ पुढच्या ओळीत असं तुटलं की नजरेला तो एक शब्दसमूह वाटत नाही. ‘विकता येत’ वर ओळ संपून ‘नाही’ खाली एकटं पडलं, तर भरभर वाचणारा उलटा अर्थ घेऊन जातो. नकार असलेलं क्रियापद नेहमी एकाच ओळीत ठेवा.

आता चित्र. दुसऱ्या स्लाइडवरून तिसरीकडे नजर ओढायची सर्वांत प्रामाणिक युक्ती म्हणजे चित्र कडेला कापलेलं ठेवणं, आणि आपल्या विषयात ते अगदी सहज जमतं. ‘इतर अधिकार’ हा रकाना सातबाऱ्यावर खरोखरच उजव्या बाजूला असतो. म्हणून २१६० बाय १३५० चा एक लांब कॅनव्हास घ्या, त्यावर सातबाऱ्याचा नमुना आडवा पसरवा आणि मधोमध दोन भाग करा. डाव्या भागात ‘भू-धारणा पद्धती’भोवती गोल येईल आणि उजवीकडच्या रकान्याची फक्त कड दिसेल. बाकीचा रकाना तिसऱ्या स्लाइडवर. मजकुरातलं ‘उजवीकडचा एक रकाना’ आणि चित्रातली कड एकच गोष्ट सांगतात. या जोडावरून कोणताही शब्द जाऊ देऊ नका. शिरोरेषा मध्येच तुटली की ती छपाईची चूक वाटते. नमुना कोरा किंवा काल्पनिक नावांचा घ्या, कोणाचाही खरा सातबारा चित्र म्हणून टाकू नका.

## इतर प्रकारच्या कव्हरसाठी

वरचं उदाहरण दाव्याच्या कव्हरचं होतं, आणि तिथे दुसरी स्लाइड पुरावा देते. ‘जमीन घेताना होणाऱ्या ५ चुका’ असं यादीचं कव्हर असेल, तर प्रस्तावना पूर्ण वगळा आणि दुसऱ्या स्लाइडवर थेट एक चूक द्या. क्रमांकाने पहिली येते म्हणून साधी चूक देऊ नका. वाचक स्वतः करत असण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेली चूक आधी, सर्वांत महागात पडणारी शेवटी. यादीचा फायदा असा की आकडाच दार उघडं ठेवतो. ‘५ पैकी १’ वाचलं की चार बाकी आहेत हे कळतं, त्यामुळे तिसऱ्या भागाची ओळ नसली तरी चालते.

कृतीच्या कव्हरला, म्हणजे ‘ऑनलाइन सातबारा कसा काढायचा’ अशाला, दुसऱ्या स्लाइडवर सुरू करण्याआधी हाताशी काय हवं ते सांगा: जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक. नुसता पाहायचा असेल तर पैसे लागत नाहीत, डिजिटल सहीचा हवा असेल तर शुल्क पडतं, हा फरकही इथेच यावा. कारण यातलं काही हाताशी नसेल, तर वाचक मध्येच अडकून पोस्ट सोडतो. आधी-नंतरच्या कव्हरला दुसऱ्या स्लाइडवर ‘आधी’चं जवळून घेतलेलं चित्र आणि त्यातला एकच दोष पुरतो.

## पायरी ७ : टाकण्याआधी आणि टाकल्यावर

दोन स्लाइड फोनवर टाका आणि त्या विषयाशी संबंध असलेल्या चार-पाच जणांना दाखवा. आधी काही सांगू नका. दुसरी स्लाइड वाचून झाली की फोन परत घ्या आणि एकच प्रश्न विचारा: पुढे काय असेल असं वाटतं? ‘तो रकाना कोणता आहे ते’ असं उत्तर आलं, तर स्लाइड जमली. ‘आणखी माहिती असेल’ असं आलं, तर तिसरा भाग ढोबळ आहे. ‘कळलं की, परवानगी लागते एवढंच ना?’ असं आलं, तर अख्खं उत्तर दुसरीवरच दिलं गेलंय. ‘आवडली का?’ असं मात्र विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. मग आणखी एका जणाला फक्त दुसरीच स्लाइड, कव्हरशिवाय दाखवा. विषय कशाचा आहे हे त्याला सांगता आलं पाहिजे.

पोस्ट केल्यावर लाइक्सकडे पाहून फारसं कळत नाही, कारण लाइक कव्हरवरूनही होतो. सातबाऱ्यासारख्या, पुन्हा उपयोगी पडणाऱ्या विषयात सेव्ह आणि शेअर पाहा, आणि ते किती खात्यांपर्यंत पोचल्यावर आले हे तुमच्याच जुन्या, तशाच विषयाच्या पोस्टशी ताडून बघा. रीच बऱ्यापैकी, लाइक्स बरे, पण सेव्ह नेहमीपेक्षा कमी, असं दिसलं तर कव्हरने थांबवलं आणि पुढे कुणी नेलं नाही असा संशय घ्यायला जागा आहे. कमेंट त्याहून स्पष्ट बोलतात. ‘वर्ग २ म्हणजे काय?’ असं विचारणाऱ्यांनी दुसरी स्लाइड वाचली, पण तिथला तुकडा अपुरा होता. ‘कोणता रकाना?’ असं विचारणारे दुसरीवर थांबून थेट कमेंटमध्ये आले, म्हणजे दार उघडं होतं पण तिसरीकडे ओढ पुरेशी नव्हती. चित्राची कड दिसते का ते तपासा. सहाव्या स्लाइडवरच्या अपवादाबद्दल कुणी वाद घालत असेल, तर लोक तिथवर पोचलेत.

दुसरी स्लाइड अगदीच फसली असेल तर ती काढून टाकता येते. कॅरोसेलमध्ये दोनपेक्षा जास्त स्लाइड असतील तर पोस्ट संपादित करून एखादी काढायची सोय इन्स्टाग्रामवर आहे, आणि काढलेली स्लाइड ३० दिवसांच्या आत परत आणता येते. काढली की तिसरी स्लाइड दुसरी होते. म्हणून तिसरीच्या पहिल्या ओळीतही ‘तो रकाना म्हणजे’ऐवजी ‘सातबाऱ्यावर उजवीकडे इतर अधिकार हा रकाना असतो’ असं लिहून ठेवलेलं बरं, म्हणजे तशी वेळ आली तर तीही एकटी उभी राहते. गोल केलेलं चित्र मात्र तेव्हा अर्धवट दिसेल. त्यामुळे जोडचित्र असलेल्या पोस्टमध्ये स्लाइड काढण्यापेक्षा, महिन्याभराने नव्या दुसऱ्या स्लाइडसह पोस्ट पुन्हा टाकणं जास्त सोयीचं पडतं.